मेलर डेमनचं पत्र

जून २०२४ मधली गोष्ट. गुरुवारी रात्री दहाच्या सुमारास जळगावहून मामेभावाचा फोन आला. एरवी तो फोन करतो तो कॉम्प्युटर स्लो झाला म्हणून, किंवा भरीत-पुरीचं आमंत्रण द्यायला. या वेळी आवाज वेगळा होता.

"दादा, धुळ्याच्या कॉलेजला अर्ज मेल केला होता. तासिका तत्त्वावरचा. उद्या पाच वाजेपर्यंत शेवटची मुदत आहे. आणि मेल परत येतोय."

"कधी केलास?"

"सोमवारी. तीनदा केला. तिन्ही वेळा परत आला. कॉलेजात फोन केला, तर ते म्हणतात पत्ता बरोबर आहे, तुमच्याच मेलमध्ये गडबड असेल."

मागून मामांचा आवाज आला, "अरे विचार त्याला, तो डेमन कोण आहे भो? तीन दिवसांपासून तोच उत्तर देतोय. कॉलेजातलं कोणी का देत नाही?"

मामांचा प्रश्न विनोदी वाटला तरी अगदी बरोबर होता. परत आलेला मेल वाचायचा म्हणजे पहिल्यांदा हेच विचारायचं असतं, की हे पत्र मला लिहिलंय कोणी?

मी भावाला विचारलं, "त्यात काय लिहिलंय ते वाचलंस का?" तो म्हणाला, "वाचायचं काय त्यात? फेल झालं एवढंच असतं."

आपण सगळे हेच करतो. मी स्वतः रोज सर्व्हरच्या लॉगमध्ये डोकं घालून बसतो, तरी घरच्या मेलवर बाउन्स आला की विषय बघून उडवतो. पण भावाच्या त्या तीन पत्रांत कॉलेजच्या ऑफिसलाही माहीत नसलेली गोष्ट लिहिलेली होती. ती कशी सापडली ते सांगतो. त्याआधी थोडा इतिहास, कारण हे पत्र असं का दिसतं ते त्यातूनच कळतं.

*

पोस्टाचं परत आलेलं पाकीट आठवतंय? त्यावर पोस्टमन आडवा शेरा मारायचा. 'लेफ्ट', 'नॉट नोन', 'रिफ्यूज्ड', 'इनसफिशियंट अॅड्रेस'. एक-दोन शब्दच, पण प्रत्येकाचा उपाय वेगळा. 'लेफ्ट' म्हणजे माणूस होता, आता तिथे राहत नाही. 'रिफ्यूज्ड' म्हणजे माणूस आहे पण त्याने घेतलं नाही. अपुरा पत्ता असेल तर चूक तुमची. पाकीट परत आलं म्हणून कोणी तेच पाकीट तीनदा त्याच पेटीत टाकत नसे. आधी शेरा वाचायचा.

ई-मेलच्या अगदी सुरुवातीला अशा शेऱ्याची फारशी गरजच नव्हती. अर्पानेटवर मेल फाइल पाठवायच्या एफटीपीवरूनच जायचा. तुमचं मशीन थेट समोरच्या मशीनला गाठायचं आणि त्या नावाचा माणूस तिथे नसेल तर तिथल्या तिथे 'नाही' ऐकून घ्यायचं. त्या 'नाही'साठी आकडे होते. १९७४ साली जॉन पोस्टेलने आरएफसी ६४० मध्ये या उत्तरांच्या आकड्यांची घडी नीट बसवली. तीन आकडी संख्या, आणि त्यातला पहिला आकडा सगळ्यात महत्त्वाचा. २ म्हणजे काम झालं. ४ म्हणजे आत्ता झालं नाही, पण पुन्हा प्रयत्न कर. ५ म्हणजे असंच पाठवत राहिलास तर होणार नाही.

हेच आकडे पोस्टेलने ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ मध्ये, म्हणजे एसएमटीपीमध्ये आणले. आज तुमचा मेल जातो तो त्याच एसएमटीपीच्या सुधारलेल्या रूपावर. तोवर मेल टप्प्याटप्प्याने जायला लागला होता. जळगावहून धुळ्याला जाणारी चिठ्ठी एरंडोल, पारोळा असे हात बदलत जावी तसा. आणि इथेच खरी अडचण आली. पारोळ्याच्या माणसाने चिठ्ठी हातात घेतली, देणारा घरी गेला, आणि नंतर कळलं की धुळ्यात तो पत्ताच नाही. आता 'नाही' सांगायचं कोणाला?

एसएमटीपीचं उत्तर असं की ज्या सर्व्हरने `250` म्हणून मेल स्वीकारला, त्याने जबाबदारी घेतली. आता एक तर त्याने तो पोचवायचा, नाही तर पाठवणाऱ्याला तसं कळवायचं. हे कळवणं म्हणजेच बाउन्स. तो स्वतः एक नवा मेल असतो. आणि तो ज्याच्या नावाने येतो तो मेलर डेमन. मामांसाठी सांगतो, डेमन म्हणजे राक्षस नव्हे. एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमधल्या मंडळींनी १९६३ च्या सुमारास पडद्यामागे न थकता काम करणाऱ्या प्रोग्रॅमला हे नाव दिलं. पदार्थविज्ञानात मॅक्सवेलचा एक काल्पनिक डेमन आहे, बसल्या बसल्या रेणू निवडत राहणारा. नाव तिथून आलं.

या नव्या मेलमुळे आणखी एक घोटाळा होऊ शकला असता. बाउन्सच पोचला नाही तर? त्याचा बाउन्स, मग त्या बाउन्सचा बाउन्स, आणि दोन सर्व्हर रात्रभर एकमेकांना पत्रं लिहीत बसले असते. म्हणून आरएफसी ८२१ ने एक साधी युक्ती सुचवली. बाउन्स पाठवताना परतीचा पत्ता रिकामा ठेवायचा:

```
MAIL FROM:<>
```

परतीचा पत्ताच नाही, म्हणजे परत पाठवायची सोयच नाही. साखळी तिथेच तुटते. म्हणूनच मेलर डेमनला 'रिप्लाय' करून काही उपयोग नसतो. (भावाने केला होता. नम्रपणे. "आदरणीय सर" लिहून. :-) )

*

पुढची काही वर्षं प्रत्येक सर्व्हर आपापल्या भाषेत बाउन्स लिहीत होता. कोणी दोन ओळींत आटपायचा, कोणी पानभर लिहायचा. `550` हा आकडा असायचा, पण 'माणूसच नाही', 'घेत नाही' आणि 'परवानगी नाही' या सगळ्यांना तोच आकडा. माणूस कसाबसा वाचायचा, पण प्रोग्रॅमला काहीच उमगायचं नाही.

जानेवारी १९९६ मध्ये यावर चार आरएफसी एकदम आल्या, १८९१ ते १८९४. कीथ मूर आणि ग्रेग व्हॉड्रॉइल ही त्यांच्या लेखकांची नावं. बाउन्सचे तीन भाग ठरले. पहिला माणसाने वाचायचा, दुसरा ठरावीक रकान्यांचा आणि तिसरा तुमचा मूळ मेल किंवा निदान त्याचे हेडर. दुसऱ्या भागात टिंबांनी जोडलेला तीन अंकांचा नवा कोड आला, `5.1.1` असा. २००३ साली या आरएफसींच्या सुधारित आवृत्त्या आल्या, पण मांडणी आजही तीच आहे.

हा कोड वाचायची रीत आपल्याला नवी नाही, कारण पिनकोड आपण तसाच वाचतो. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच मराठी माणसाने. पोस्ट खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवीसुद्धा. त्यांच्या कोडात पहिला आकडा देशातला विभाग सांगतो, पुढचे दोन जागा आणखी जवळ आणतात आणि शेवटचे तीन नेमकं पोस्ट ऑफिस. जळगाव ४२५००१, धुळे ४२४००१. डावीकडून उजवीकडे जसं वाचाल तसं ठिकाण बारीक होत जातं.

बाउन्सचा कोडही तसाच. पहिला अंक पोस्टेलचाच, ४ म्हणजे तात्पुरतं, ५ म्हणजे कायमचं. दुसरा अंक गडबड कुठल्या खात्यात आहे ते सांगतो. १ म्हणजे पत्ता, २ म्हणजे समोरच्याची पेटी, ४ म्हणजे वाटेतलं नेटवर्क, ७ म्हणजे सुरक्षा आणि परवानगी. तिसरा अंक नेमकी गोष्ट. `5.1.1` म्हणजे या नावाची पेटीच नाही. `4.2.2` म्हणजे पेटी आहे पण भरलीये, आणि पोस्टमन परत येऊन बघणार आहे.

पिनकोडची अजून एक गंमत इथे कामाची आहे. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, पण त्याचा पिन ४२४१०१, म्हणजे धुळ्याच्या घरातला. शिरपूर धुळे जिल्ह्यात, पण पिन ४२५४०५, जळगावच्या बाजूचा. कारण पिनकोड कलेक्टरचा जिल्हा सांगत नाही, टपालाची थैली कुठून फुटते ते सांगतो. बाउन्समध्येही असंच होतं. आपण लिहिलेला पत्ता एक असतो, आणि मेल प्रत्यक्षात जाऊन पोचतो तो दुसराच.

*

आता भावाकडे वळू.

तो मेल थंडरबर्डमध्ये बघतो. मी म्हटलं, परत आलेल्यांपैकी पहिला मेल उघड आणि विषय वाच. तो म्हणाला:

```
Delayed Mail (still being retried)
```

इथेच मला हायसं वाटलं. मेल परत आलेलाच नव्हता! पोस्टफिक्स नावाचा सर्व्हर कायमचा नकार देतो तेव्हा विषयात `Undelivered Mail Returned to Sender` लिहितो. भावाला आलेली होती ती उशीर होतोय याची सूचना. सर्व्हर अजून प्रयत्न करत होता. भावाने लाल अक्षरात इंग्रजी बघितलं आणि फेल समजून पुन्हा पाठवलं. त्याची दुसरी आणि तिसरी प्रतही त्याच रांगेत मागे जाऊन उभी राहिली, आणि प्रत्येकीची वेगळी सूचना आली.

मग त्याला `Ctrl+U` दाबायला सांगितलं. थंडरबर्डमध्ये त्याने मेलचा कच्चा मजकूर उघडतो. जीमेलमध्ये तीन टिंबांच्या मेनूत `Show original` असतं. रकान्यांचा तो दुसरा भाग त्यात सापडतो. भावाने फोनवर स्पेलिंग सांगत वाचला. नावं बदलून देतोय:

```
Reporting-MTA: dns; mail.college.example
Arrival-Date: Mon, 10 Jun 2024 11:42:10 +0530 (IST)

Final-Recipient: rfc822; bhau@webmail.example
Original-Recipient: rfc822;karyalay@college.example
Action: delayed
Status: 4.2.2
Remote-MTA: dns; mx.webmail.example
Diagnostic-Code: smtp; 452 4.2.2 Mailbox full
Will-Retry-Until: Sat, 15 Jun 2024 11:42:10 +0530 (IST)
```

मी वरून खाली एकेक ओळ समजावत गेलो.

पहिली ओळ मामांच्या प्रश्नाचं उत्तर. `Reporting-MTA` म्हणजे हे पत्र लिहिणारा. तो कॉलेजचाच सर्व्हर होता. म्हणजे भावाचा मेल जळगावहून निघून धुळ्याच्या कॉलेजच्या दारापर्यंत व्यवस्थित पोचला होता. 'तुमच्याच मेलमध्ये गडबड' हे इथेच निकालात निघालं. तुमच्याच कंपनीचं किंवा मेलसेवेचं नाव या ओळीत असेल, तर समजायचं की मेल बाहेरच पडला नाही किंवा पलीकडच्याने दारातच नाकारला.

नंतर `Original-Recipient`. हा पत्ता भावाने लिहिलेला, जाहिरातीत छापलेला. अचूक. पण त्याच्या वरच्या ओळीत `Final-Recipient` म्हणून वेगळाच पत्ता होता, कोणाचा तरी खाजगी. वरच्या माणसांसाठीच्या भागातही कंसात `expanded from` असं लिहून हेच सांगितलेलं होतं. ऑफिसच्या पत्त्यावर पेटीच नव्हती. तिथे आलेला प्रत्येक मेल कधीतरी कोणीतरी एका माणसाच्या खाजगी खात्याकडे वळवून ठेवला होता. म्हणून दोघंही खरं बोलत होते. पत्ता बरोबर होता आणि मेलही मिळत नव्हता.

`Status: 4.2.2`. तात्पुरतं, पेटीशी संबंधित, पेटी भरलेली. `Diagnostic-Code` मध्ये `smtp;` च्या पुढे जे असतं ते पलीकडच्या सर्व्हरचे स्वतःचे शब्द, इथे `Remote-MTA` ने सांगितलेल्या सर्व्हरचे. आकड्याबद्दल शंका असेल तेव्हा हे शब्द वाचायचे, कारण काही सर्व्हर कुठल्याही कारणाला सरसकट `5.1.1` किंवा नुसतं `550` देतात आणि खरं कारण शब्दांत लिहितात.

आणि शेवटची ओळ, `Will-Retry-Until`. शनिवार, पावणेबारा. हे पाच दिवस कुठून आले? १९८९ च्या आरएफसी ११२३ ने सांगितलं की सर्व्हरने हार मानण्याआधी निदान चार-पाच दिवस प्रयत्न करावा. तेव्हाच्या मशीन शनिवार-रविवार बंद असायच्या, लाइनी तुटायच्या, त्यामुळे ही सबुरी शहाणपणाची होती. पोस्टफिक्स आजही मुळात पाच दिवसच धरतो. पण भावाची मुदत शुक्रवारी पाचची होती. पक्का नकार शनिवारी दुपारी आला असता. म्हणजे 'बघू, फायनल फेल आलं तर जाऊ' म्हणत बसला असता तर संपलंच होतं. शिवाय या सूचनेतच मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की ही फक्त सूचना आहे, मेल पुन्हा पाठवायची गरज नाही. तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के खरं. मुदत असलेल्या माणसासाठी मात्र धोक्याचं.

*

मी भावाला दोन गोष्टी सांगितल्या. एक, सकाळची पहिली एसटी पकड आणि कागदावरचा अर्ज नेऊन दे, आवक क्रमांक टाकून पोच घे. नव्वद-पंचाण्णव किलोमीटरच तर आहे. दोन, हा मेल छापून ने आणि ऑफिसात ती `Final-Recipient` ची ओळ दाखव.

साडेदहाला त्याचा फोन आला. ओळ बघितल्यावर ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, "अहो, हे तर आमचे भाऊसाहेब. मे महिन्यात रिटायर झाले." मेल त्यांच्याच खात्यात पडायचे, ते छापून टेबलावर ठेवायचे, म्हणून कोणाला कधी प्रश्नच पडला नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी खातं उघडलंच नाही, आणि ते अर्जांच्या पीडीएफनी भरून गेलं.

कॉलेजचं कॉम्प्युटर बघणारा मुलगा म्हणाला, लगेच दुसऱ्या खात्याकडे वळवतो. मी भावाला म्हटलं, ते करू देच, पण तेवढ्याने भागणार नाही. रांगेत अडकलेल्या मेलवर आधीच भाऊसाहेबांचा पत्ता लिहून झालेला आहे. नवीन वळण नव्या मेलना लागू होईल, रांगेतल्यांना नाही. त्यांच्यासाठी भाऊसाहेबांची पेटीच रिकामी व्हायला हवी. ती झाली की सर्व्हर पुढच्या फेरीला, साधारण तासा-सव्वा तासात, आपोआप पोचवेल.

भाऊसाहेबांना फोन गेला. त्यांनी नातवाला बसवून जुने मेल उडवले. दुपारी अडीचच्या सुमारास भावाच्या अर्जाच्या तिन्ही प्रती एकापाठोपाठ एक आल्या, आणि त्यांच्या मागोमाग इतरांचे वीसेक अर्ज. भाऊसाहेबांनी ते सगळे ऑफिसच्या नव्या खात्यावर पाठवून दिले. शनिवारी भावाला कसलाही बाउन्स आला नाही. मेलच्या दुनियेत काम झाल्याची एवढीच खूण मिळते. ती वाचल्याची खूण नसते, म्हणून आवक क्रमांक जवळ असलेला बरा.

मला राहून राहून वाटतं ते त्या वीस जणांच्या आधीच्यांबद्दल. पेटी भरली ती सोमवारच्या बरीच आधी. ज्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्ज पाठवले, त्यांचे पाच दिवस संपून मेल खरोखरच परत गेले असणार. नंदुरबार, शहादा, अमळनेर, कुठून कुठून. प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये `Undelivered Mail Returned to Sender` पडलं असणार, आत भाऊसाहेबांच्या पत्त्यासकट. त्यातल्या किती जणांनी ते उघडून बघितलं असेल? मॅडमनी सांगितलं की मेल मिळत नाही म्हणून त्या आठवड्यात ऑफिसला फोन केला होता तो एकट्या आमच्या भावाने.

*

दोन इशारे देऊन थांबतो.

एक, प्रत्येक बाउन्स खरा नसतो. २००० च्या दशकात स्पॅम पाठवणारे पाठवणाऱ्याच्या जागी भलत्याच माणसाचा पत्ता लिहायचे, आणि न पोचलेल्या स्पॅमचे बाउन्स त्या बिचाऱ्याच्या गळ्यात पडायचे. त्यामुळेच हळूहळू सर्व्हरनी मेल आधी घेऊन मग परत करण्यापेक्षा दारातच नाकारायला सुरुवात केली. म्हणून न पाठवलेल्या मेलचा बाउन्स आला तर आधी तिसरा भाग बघा. त्यातला मूळ मेल तुमचा आहे का? नसेल तर सोडून द्या. आणि 'मेल सोडवण्यासाठी इथे पासवर्ड टाका' असं म्हणणारा बाउन्स तर हमखास लबाड. खरा मेलर डेमन कधी काही मागत नाही.

दोन, दुसऱ्या अंकात ७ दिसला तर पत्ता तपासण्यात वेळ घालवू नका. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने पाठवणाऱ्यांची ओळख तपासण्याचे नियम कडक केले. स्वतःच्या डोमेनवरून पाठवणाऱ्या छोट्या संस्थांचे मेल त्यामुळे `5.7.26` सारख्या कोडाने परत यायला लागले. तिथे दुरुस्ती पाठवणाऱ्याच्या डोमेनच्या नोंदींत करायची असते, आणि ती ज्याच्याकडे डोमेनचा कारभार आहे त्यालाच करता येते.

१९९६ च्या त्या आरएफसीत हे आकडे काढण्याचं एक कारण स्पष्ट दिलंय. कारण कुठल्याही एका भाषेत अडकू नये, आकड्यावरून ते वाचणाऱ्याच्या भाषेत सांगता यावं. `4.2.2` चं 'पेटी भरली आहे, शनिवारपर्यंत प्रयत्न चालू राहील' असं मराठीत करणं म्हणजे फार तर एका तक्त्याचं काम. मामांच्या इनबॉक्समध्ये ते पत्र अजून तरी इंग्रजीतच येतं.

भावाला मुलाखतीचं बोलावणं आलं. मामांनी मात्र त्या दिवशी छापून नेलेला तो कागद जपून ठेवलाय. त्यावर त्यांनी पेनने शेरा मारलाय: 'डेमन = पोस्टमन'.